ऑडिटरबाई रजिस्टर मागतात तेव्हा : सराव परीक्षेचे सहा प्रश्न



अन्नसुरक्षेचं जे सरकारमान्य प्रशिक्षण असतं, ज्याला आपण फॉस्टॅक म्हणतो, त्याच्या शेवटी पर्याय निवडायचे प्रश्न असतात. हात कधी धुवायचे, टोपी का घालायची, हे प्रश्न आपल्या बायकांना सोपे जातात. गाडी अडते ती कागदपत्रांवर. परवा एका गटात एक मावशी मला म्हणाल्या, "चटणी चांगली झाली का नाही ते चाखून बघा की, वहीत काय बघतेत ते?" मावशींचं चुकत नाही, चव जिभेलाच कळते. पण तपासायला येणारा माणूस एकच दिवस येतो. बाकीच्या दिवसांत तुमच्याकडं काय घडलं, हे त्याला वहीशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

म्हणून या अंकात नोंदी आणि प्रशिक्षण वही यांवरचे सहा प्रश्न देते. उदाहरण सगळीकडं शेंगदाणा चटणीचंच घेतलंय, कारण आपल्या भागातले बरेच गट तीच करतात. उत्तरावर आधी हात ठेवा, गटात बसून बोला, मग खाली वाचा.

त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण यात गोंधळ फार होतो. लहान उद्योगाची असते ती नोंदणी, आणि मोठा झाला की घ्यावा लागतो तो परवाना. दोन्हीचा क्रमांक १४ अंकी असतो, पण परवान्यासोबत अटी येतात. त्यातली एक अट अशी की रोज किती माल बनवला, कच्चा माल किती वापरला आणि विक्री किती झाली, याच्या वेगवेगळ्या नोंदी ठेवायच्या. नोंदणीवाल्या गटाकडून एवढं सगळं मागत नाहीत. मात्र मोठा दुकानदार किंवा कंपनी तुमच्याकडून माल घ्यायला निघाली, की ती स्वतःचा ऑडिटर पाठवते, आणि तो नोंदणीवाल्यांनाही हेच सगळं विचारतो. अन्न व औषध प्रशासनाचे अन्नसुरक्षा अधिकारी येतात ती तपासणी वेगळी. वह्या मात्र दोघं त्याच बघतात.

प्रश्न १. चटणीच्या पाकिटावर "३ महिन्यांत वापरा" असं लिहिलंय. त्या मालाच्या नोंदी किती दिवस जपायच्या?
(अ) ३ महिने (आ) माल विकून संपेपर्यंत (इ) १ वर्ष (ई) ऑडिट होईपर्यंत

उत्तर (इ). तपासणीच्या यादीतला नियम असा आहे की नोंदी १ वर्ष किंवा मालाच्या टिकण्याच्या मुदतीइतक्या, यांतलं जे जास्त असेल तेवढे दिवस ठेवायच्या. चटणी ३ महिने टिकते, म्हणून १ वर्ष. तुमचं लोणचं १८ महिन्यांच्या मुदतीचं असेल तर १८ महिने. म्हणजे वही भरली की ती रद्दीत द्यायची नाही आणि पोराला रफ कामाला तर मुळीच नाही. (असं झालेलं आहे. मागच्या पानांवर पाढे लिहिलेली खरेदी वही मी स्वतः बघितली.)

प्रश्न २. ऑडिटरने फळीवरून चटणीचं एक पाकीट उचललं आणि विचारलं, "हे कोणत्या दाण्याचं? आणि याच्या जोडीची पाकिटं कुठं गेली?" हे सांगायला काय लागेल?
(अ) दाण्याची पावती (आ) अध्यक्षांची आठवण (इ) बॅच क्रमांकाने जोडलेल्या खरेदी, उत्पादन आणि विक्री अशा तीन नोंदी (ई) प्रयोगशाळेचा अहवाल

उत्तर (इ). बाकी काही नीट कळलं नाही तरी चालेल, पण हे नीट समजून घ्या. पावती फक्त माल कुठून आला ते सांगते. अहवाल फक्त त्या नमुन्याचं सांगतो. पाकिटापासून दाण्यापर्यंत मागं जायचं आणि पाकिटापासून दुकानापर्यंत पुढं जायचं, तर मधे धागा लागतो. तो धागा म्हणजे बॅच क्रमांक.

एक उदाहरण करून बघू. समजा ४ फेब्रुवारीला गटाने ८० किलो शेंगदाणे आणले. खरेदी वहीत तारीख, कोणाकडून, किती किलो, पावती क्रमांक, आणि माल बघून घेतला का, हे लिहिलं. आणि या पोत्यांना आपलाच एक क्रमांक दिला, दाणा ७. तो खडूने पोत्यावरही लिहिला. व्यापाऱ्याच्या पावतीवर त्याचा १४ अंकी क्रमांक असायला हवा, तो बघून घ्यायचा. दाणे आपल्याच सभासद ताईच्या शेतातले असतील तर तिच्याकडं असा क्रमांक नसणार, कारण शेतकऱ्याला त्याच्या शेतमालासाठी हा कायदा लागू नाही. पण म्हणून नोंद सोडायची नाही. कोऱ्या कागदावर तिचं नाव, गाव, वजन, दर, तारीख लिहून तिची सही घ्यायची आणि तो कागद पावतीच्या जागी लावायचा.

६ फेब्रुवारीला दाणा ७ मधले ५० किलो घेऊन चटणी केली. तिला क्रमांक दिला बॅच १४. उरलेले ३० किलो दुसऱ्या दिवशी वापरले, ती बॅच १५. उत्पादन वहीत बॅच १४ च्या पानावर "दाणा ७, ५० किलो" असं लिहिलं. मिरची, मीठ, जिरं, लसूण यांचेही आपापले क्रमांक लिहिले. पाकिटावरच्या शिक्क्यात बॅच १४ आणि तारीख टाकली.

विक्री वहीत लिहिलं : बॅच १४, तुळजापूरच्या दुकानाला १२० पाकिटं, धाराशिव शहरातल्या दुकानाला ४०, प्रदर्शनात ८०, शिल्लक १८. शिवाय २ पाकिटं नमुना म्हणून कपाटात ठेवली, ती मुदत संपेपर्यंत उघडायची नाहीत. पुढं तक्रार आली तर आपल्याकडं तपासायला तोच माल असतो. एकूण २६० झाली. प्रदर्शनात घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव लिहायची गरज नाही. दुकानदाराला माल दिला तर त्याचं नाव आणि तारीख लागते, थेट खाणाऱ्याला विकला तर किती, कुठं आणि कधी एवढंच पुरतं.

आता ऑडिटर दुसरा डाव टाकतो. तो म्हणतो, "समजा दाणा ७ मध्ये बुरशी होती. तुम्ही कोणता माल परत बोलवाल?" बहुतेक ताया म्हणतात, बॅच १४. बरोबर उत्तर आहे बॅच १४ आणि बॅच १५, कारण दोन्हींत तेच पोतं गेलं. वहीत दाण्याचा क्रमांकच नसेल तर हे कसं कळणार? मग फेब्रुवारीतला सगळाच माल परत आणावा लागेल, चांगला वाईट दोन्ही. नोंदीचा खरा उपयोग इथं आहे. नुकसान २ बॅचचं होतं की २० बॅचचं, हे त्या एका क्रमांकावर ठरतं.

घरी करून बघण्यासारखं आहे. कोणतंही एक पाकीट घ्या, घड्याळ लावा आणि दाण्यापर्यंत जाऊन परत दुकानापर्यंत या. तीन वह्या उघडून हे तासाभरात जमत नसेल तर कुठं अडलं ते बघा. मी पाहिलंय, बहुतेक वेळा उत्पादन वहीतच अडतं, कारण तिथं "शेंगदाणे ५० किलो" एवढंच असतं, कोणते ते नसतं.

प्रश्न ३. बॅच १४ मध्ये सगळं मिळून ५३ किलो मिश्रण झालं. वहीत २०० ग्रॅमची २९० पाकिटं भरल्याची नोंद आहे. ऑडिटर काय म्हणेल?
(अ) उत्पादन चांगलं आलं (आ) नोंद अपुरी आहे (इ) हे होऊच शकत नाही (ई) काहीच नाही

उत्तर (इ). २९० पाकिटं गुणिले २०० ग्रॅम म्हणजे ५८ किलो. ५३ किलोतून ५८ किलो निघत नाही. मग एकतर पाकिटात २०० ऐवजी साधारण १८३ ग्रॅमच भरलं गेलं, किंवा दुसऱ्या बॅचची पाकिटं यात मिसळली, किंवा वहीत न लिहिलेला माल वापरला. तिन्ही गोष्टी वाईटच. वजन कमी असेल तर ती वजनमापाच्या कायद्याचीही चूक, म्हणून काट्याच्या पडताळणीचा दाखला चालू तारखेचा आहे का, हेही लगेच विचारलं जातं.

खरा हिशेब असा दिसतो. ५० किलो दाण्यातून निवडून दीड किलो खराब दाणा काढला, उरले साडेअठ्ठेचाळीस. भाजताना ओल उडते आणि नंतर टरफल निघतं, त्यात साडेतीन किलो गेले, उरले ४५. त्यात मिरची पूड ३ किलो, सोललेला लसूण ३ किलो, मीठ दीड किलो, जिरं अर्धा किलो घातलं, झाले ५३. पाकिटं भरली २६०, म्हणजे ५२ किलो. एक किलो यंत्राला चिकटलं, सांडलं, चाखलं. हे सगळं लिहा, सांडलेलंसुद्धा. बऱ्याच जणींना घट लिहायला लाज वाटते, आपण नासाडी केली असं दिसेल म्हणून. ऑडिटरला मात्र घट नसलेल्या पानाचाच संशय येतो, कारण ५० किलो दाणे भाजून ५० किलोच राहिले असं कुठं होतं का?

प्रश्न ४. "या ताईंना प्रशिक्षण दिलंय हे कशावरून?" यावर सर्वांत चांगला पुरावा कोणता?
(अ) बॅनरसमोरचा फोटो (आ) सह्यांचा कागद (इ) गटातल्या एकीचं फॉस्टॅक प्रमाणपत्र (ई) विषय, वेळ, शिकवणारी, सह्या आणि समजलं का हे तपासल्याची नोंद

उत्तर (ई). (इ) लिहिणाऱ्या ताया अर्ध्या बरोबर आहेत. परवान्यावाल्या उद्योगात दर २५ कामगारांमागे निदान एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागते. तिचं प्रमाणपत्र २ वर्षं चालतं, आणि मुदत संपलेलं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं मी किती ठिकाणी बघितलंय ते विचारू नका. पण ते प्रमाणपत्र तिचं एकटीचं. बाकीच्या सात-आठ जणींना तिने काय शिकवलं, हे दाखवणारी वही म्हणजे प्रशिक्षण वही.

सह्यांच्या कागदावरून एवढंच कळतं की बाई त्या दिवशी आली होती. तिला काय समजलं ते त्यावरून कळत नाही. म्हणून ऑडिटर वही बाजूला ठेवतो, थेट दाणे निवडणाऱ्या ताईजवळ जाऊन बसतो आणि विचारतो, "यातला कोणता दाणा तुम्ही काढून टाकाल? का?" ताईंचं उत्तर आणि वहीतला विषय जुळला पाहिजे. वहीत नुसतं "स्वच्छता प्रशिक्षण झाले" असं असेल तर जुळवणार काय?

एका गटाने मला आवडेल अशी नोंद ठेवली होती, तशीच इथं सांगते. विषय : खराब शेंगदाणा ओळखणे. वेळ अर्धा तास. काय सांगितलं : सुरकुतलेला, काळपट पडलेला, बुरशी दिसणारा किंवा खवट वास येणारा दाणा काढायचा. अशा दाण्यात बुरशीचं विष असू शकतं, त्याला अफलाटॉक्सिन म्हणतात, ते यकृताला घातक असतं, आणि भाजून ते पूर्ण जात नाही. म्हणून ते निवडतानाच बाहेर गेलं पाहिजे. तपासणी कशी केली : ताटात २० दाणे ठेवले, त्यात ५ खराब. प्रत्येकीने निवडले. सहा जणींनी पाचही काढले, दोघींनी तीनच काढले. त्या दोघींना दोन दिवसांनी उजेडात बसवून परत दाखवलं, तेव्हा त्यांनीही पाचही काढले. खाली सगळ्यांच्या सह्या, एका आजींचा अंगठा आणि त्यासमोर त्यांचं नाव लिहिणारीची सही.

दोघी नापास झाल्या हे लिहायला त्या गटाला संकोच वाटत होता. मी म्हटलं, ते खोडू नका. जिथं सगळ्या जणी पहिल्याच दिवशी पैकीच्या पैकी मिळवतात, ती वही कोणी खरी मानत नाही. शिवाय त्या दोघींना कमी दिसत होतं ते डोळ्यांमुळं नाही, त्यांची बसायची जागा अंधारी होती. हे त्या नोंदीमुळंच कळलं आणि निवडायची जागा खिडकीजवळ आली.

वर्षातून एकदा मोठा कार्यक्रम घेण्यापेक्षा असा अर्धा तास महिन्यातून एकदा घ्यावा असं मला वाटतं. नवीन बाई कामाला आली तर तिला पहिल्या दिवशी काम देण्याआधी.

प्रश्न ५. गटात ८ जणी काम करतात. फाईलमध्ये ७ वैद्यकीय दाखले आहेत. आठवी ताई दोनच महिन्यांपूर्वी आली, तब्येतीने ठणठणीत आहे. काय करावं?
(अ) वर्ष झाल्यावर दाखला घ्यावा (आ) दाखला मिळेपर्यंत तिला अन्न हाताळायचं काम देऊ नये (इ) तिचं नाव हजेरीत लिहू नये

उत्तर (आ). अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकीची नोंदणीकृत डॉक्टरांकडून वर्षातून एकदा तपासणी लागते, दाखल्याचा नमुना ठरलेला आहे, आणि विषमज्वरासारख्या पोटाच्या आजारांवरची लस घेतल्याचीही नोंद लागते. ऑडिटर हजेरीची नावं आणि दाखल्यांची नावं शेजारी ठेवून मोजतो, त्याला दोन मिनिटं लागतात. आणि (इ) कोणी गमतीनेही करू नका, कारण उत्पादन वहीत आणि मजुरीच्या हिशेबात तिचं नाव येतंच. वर्षाच्या दाखल्याशिवाय एक छोटी वही दाराशी ठेवा : आज कोणाला ताप, जुलाब, हाताला जखम आहे का, आणि असेल तर तिला कोणतं काम दिलं. लेबल लावणं, हिशेब लिहिणं, बंद पेट्या मोजणं अशी कामं असतातच. तिची मजुरी बुडणार असेल तर ती ताप लपवेल, हेही गटाने आधीच बोलून घ्यावं.

प्रश्न ६. भाजण्याच्या वहीत ४८.५ ऐवजी चुकून ५८.५ लिहिलं गेलं. दुरुस्ती कशी करावी?
(अ) पांढरी शाई लावून (आ) पान फाडून नवीन लिहून (इ) एका रेषेने खोडून, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख (ई) आकड्यावरच गिरवून

उत्तर (इ). आधीचा आकडा वाचता आला पाहिजे. चूक झाली हे दिसलं तर काही बिघडत नाही. चूक लपवलेली दिसली तर ऑडिटर उरलेली पानंही संशयाने वाचतो. आणि पान फाडलं की पानांचे क्रमांक तुटतात, म्हणून नवी वही घेतली की पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर क्रमांक टाकून ठेवा.

इथं माझीच एक चूक सांगते. नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. एका गटाकडं एका खरेदीदाराचा ऑडिटर येणार होता आणि साफसफाईची वही तीन महिन्यांची कोरी होती. मीच म्हटलं, "आज रात्री बसून भरून टाकू." आम्ही चौघी बसलो, दोन तासांत वही भरली. दुसऱ्या दिवशी ऑडिटरबाईंनी वही उघडली, पाच-सहा पानं उलटली आणि बंद केली. सगळीकडं एकच पेन, एकच अक्षर, रोज सकाळी ठीक ९ वाजता सफाई. मग त्यांनी उत्पादन वही घेतली. त्यात आठ दिवस युनिट बंद होतं, एका सभासदाच्या घरी लग्न होतं म्हणून. साफसफाईच्या वहीत त्या आठही दिवसांत भाजायचं यंत्र "वापरानंतर धुतले" असं लिहिलेलं.

त्या काही रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मग यातलं कोणतं पान मी खरं धरू?" खरेदी वही खरी होती, दाखले खरे होते, चटणी तर उत्तमच होती. पण ऑर्डर पुढं ढकलली गेली आणि परत भेट व्हायला तीन महिने लागले. तेवढ्या दिवसांची त्या बायकांची मजुरी माझ्या त्या एका रात्रीच्या शहाणपणामुळं गेली.

कोरी पानं असतील तर ती कोरीच ठेवायची. ज्या दिवशी लक्षात आलं त्या तारखेला लिहायचं, "अमुक ते अमुक तारखेची नोंद झाली नाही, आजपासून ही जबाबदारी अमुक ताईंकडं", आणि दोघींच्या सह्या करायच्या. त्या गटाने पुढच्या भेटीआधी हेच केलं. वही दोरीने यंत्राजवळच्या खिळ्याला टांगली, पेन त्यालाच बांधला, आणि वेगवेगळ्या हातांनी, तिरक्या सरळ अक्षरांत, कधी ९ वाजता तर कधी पावणेअकराला नोंदी होत गेल्या. काही पानांवर तिखटाचे डागही होते. दुसऱ्या वेळी ऑडिटरबाईंनी तीच वही जास्त वेळ वाचली.